फ्लिकर काढा, पण उजेड राहू द्या!

सध्या आमच्या फोटोग्राफी क्लबमध्ये एक वाद जोरात चालू आहे. मेसमध्ये, जिन्यात, अगदी बाथरूमच्या लाइनमध्येसुद्धा. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीत लिहिताना गाडी अधूनमधून अडखळेल. सांभाळून घ्या!)

वादाचं कारण आपल्या हॉस्टेलची नवीन विंग. तिच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला त्या दिवशी क्लबने जुन्या विंगच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला आणि सकाळी ८ ते दुपारी १ पर्यंत दर ५ सेकंदांनी एक फोटो काढला. म्हणजे ३६०० फोटो. सेकंदाला २५ या वेगाने लावले की २ मिनिटं २४ सेकंदांची फिल्म होते. फोटो एकेक करून बघितले तर मस्त. पण पहिली कच्ची फिल्म चालवली आणि अख्ख्या रूममध्ये एकच हशा पिकला. चोक गेलेली ट्यूबलाइट कशी फडफडते, तसं सगळं चित्र फडफडत होतं! याला फ्लिकर म्हणतात.

आता एका गटाचं म्हणणं असं की यात डोकं लावायचं कारणच नाही. ffmpeg मध्ये `deflicker` नावाचा फिल्टर आहे, कमांडमध्ये एक शब्द वाढवायचा आणि झोपायला जायचं. आमच्या फायनल इयरच्या एका दादाने तसं करूनही दाखवलं. फडफड खरंच कमी झाली. तरीसुद्धा माझं मत विरुद्ध आहे, आणि त्याचं कारण सिव्हिलचे सर आहेत. त्यांना ही फिल्म सेकंड इयरच्या काँक्रीटच्या लेक्चरला दाखवायची आहे. काँक्रीट ओतल्यावर काही वेळाने पृष्ठभागावर पाणी येतं, तो भाग चकाकतो. ती चकाकी गेल्यावरच शेवटचा थापीचा हात फिरवायचा असतो. घाई केली तर ते पाणी वरच्या थरात मिसळतं आणि पृष्ठभाग कमकुवत राहतो. सरांना नेमकं तेच दाखवायचंय की चकाकी कुठे आधी गेली, कुठे उशिरा. म्हणजे आपल्या फिल्ममध्ये उजेड हीच माहिती आहे! एखादा फिल्टर “उजेड बदलला की सरळ कर” एवढंच ओळखत असेल, तर फडफडीबरोबर तो ही माहितीही पुसणार. आणि तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पुन्हा कोणी भरून देणार नाहीये.

म्हणून आधी फडफड येते कुठून ते बघू. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर होता. ऑटो आयएसओ बंद, व्हाइट बॅलन्स ठरवलेला. तरी फडफड आली, याचं आमच्यातल्या बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. पण डीएसएलआरच्या लेन्समधली पाकळ्यांची झडप, म्हणजे अ‍ॅपर्चर, एरवी पूर्ण उघडी असते. आपण एफ ८ ठेवलं तरी ती फोटो घेतानाच तेवढी मिटते आणि लगेच परत उघडते. हे ३६०० वेळा होतं, आणि दर वेळी पाकळ्या अगदी त्याच जागी थांबत नाहीत. फरक केसाएवढा असतो. पण एक दशांश स्टॉपचा फरक म्हणजे उजेडात ७ टक्के फरक. दोन फोटो शेजारी ठेवून तो कळणार नाही. सेकंदाला २५ फोटो धावायला लागले की मात्र लगेच कळतो, कारण सेकंदाला साधारण १० वेळा होणाऱ्या उघडझापेला आपला डोळा फार हळवा असतो आणि ही फडफड नेमकी त्याच टापूत पडते. म्हणून एकेक फोटो चाळून फ्लिकर शोधणं हा टाइमपास आहे. तो मोजावा लागतो.

मोजायचं कसं? प्रत्येक फोटोतला एक ठरावीक चौकोन घ्यायचा आणि त्याचा सरासरी उजेड काढायचा. चौकोन कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. `deflicker` फिल्टर पूर्ण फ्रेमची सरासरी घेतो. आपल्या फ्रेममध्ये अधूनमधून पांढऱ्या ड्रमचा ट्रान्झिट मिक्सर येऊन उभा राहतो. तो आला की फ्रेमची सरासरी वाढते, फिल्टरला वाटतं कॅमेऱ्याने जास्त उजेड घेतला, आणि तो मागची भिंत, आकाश, स्लॅब सगळं थोडं काळं करतो. दादाच्या फिल्ममध्ये हे स्पष्ट दिसतं. मिक्सर आत शिरताना भिंतीकडे बघा, ती दचकते!

मी चौकोन घेतला जुन्या विंगच्या पिवळ्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मधे. (खिडक्या मुद्दाम टाळल्या. तिथे कोणाचा ना कोणाचा टॉवेल वाळत असतोच.) पंपाचा लांब हात तिथून जात नाही, माणसं दिसत नाहीत, आणि मुख्य म्हणजे काँक्रीटचा एक थेंबही त्या चौकोनात नाही. काँक्रीटचं काय व्हायचं ते होऊ दे, माझी मोजपट्टी हलणार नाही.

शंका येईल की भिंतच बदलत असेल तर? म्हणून दुसरा चौकोन पाण्याच्या टाकीवर घेतला. दोन्हीकडे एकाच फ्रेमला सारखीच उडी असेल, तर ती कॅमेऱ्याची. एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, तर ती तिथल्या वस्तूची. आमच्या बाबतीत बारीक उड्या दोन्हीकडे जुळल्या. मग भिंतीवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

प्रोग्रॅम छोटासा आहे. कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्ही लिहीत होता, त्यातल्या जेपेगवर मोजलं:

```
import glob, numpy as np
from PIL import Image

box = (400, 900, 1000, 1300)
L = []
for f in sorted(glob.glob("jpg/*.jpg")):
    a = np.asarray(Image.open(f).convert("L").crop(box)) / 255
    L.append(np.log2(np.mean(a ** 2.2)))
L = np.array(L)

w = 4
k = np.hanning(2*w + 3)[1:-1]
k /= k.sum()
S = np.convolve(np.pad(L, w, mode="edge"), k, mode="valid")
ev = S - L
```

`L` म्हणजे प्रत्येक फोटोचा मोजलेला उजेड, स्टॉपमध्ये. `S` म्हणजे तीच रेघ, पण शेजारच्या फोटोंच्या आधाराने गुळगुळीत केलेली. दोन्हींतला फरक `ev`, म्हणजेच त्या फोटोला द्यायची दुरुस्ती. कॉम्प्युटरवाले म्हणतील सरासरीऐवजी मध्यक घे, तो जास्त भरवशाचा. एरवी खरं आहे. पण जेपेगमध्ये उजेड ० ते २५५ अशा पूर्ण आकड्यांतच असतो, आणि मध्यक एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर टुणकन उडी मारतो. आमच्या भिंतीच्या उजेडाला ही एक उडी सुमारे ०.०२५ स्टॉपची पडते. बारीक फडफड मोजायची तर अशी जाड खुणांची पट्टी चालणार नाही. म्हणून चौकोन स्वच्छ निवडा आणि सरासरी घ्या.

एक नमुना बघू. फोटो १४१२ पासून पुढच्या पाच फोटोंचे आकडे आले −२.३१, −२.२२, −२.३३, −२.३० आणि −२.२४. गुळगुळीत रेघ तिथे साधारण −२.२८ वर होती. मग फोटो १४१३ हा ०.०६ स्टॉप जास्त उजळ, म्हणजे ४ टक्के. त्याला −०.०६ द्यायचे. १४१४ ला उलट +०.०५. बस्स, एवढंच आहे डिफ्लिकर.

पण पूर्ण ३६०० फोटोंचा आलेख काढला तेव्हा त्यात करवतीच्या दातांसारख्या या बारीक उड्यांशिवाय आणखी दोन गोष्टी दिसल्या. आणि माझं भांडण खरं इथे आहे. एक शब्द टाइप करून झोपायला जाणाऱ्याला हा आलेख दिसतच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे चार पायऱ्या. ऊन चढत गेलं तसं क्लबने शटर चार वेळा बदललं, दर वेळी एक तृतीयांश स्टॉपने. १/६० पासून सुरू करून १/१६० पर्यंत. (लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे काळसर काच लावली होती. नाहीतर एवढ्या उन्हात शटर फार जलद ठेवावं लागलं असतं, आणि फार जलद वेगाला शटरच्या पडद्यांतही बारीक कमीजास्त होतं.) या पायऱ्या आपणच केल्यात, तेव्हा त्या अंदाजाने कशाला घासायच्या? प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत शटरचा वेग लिहिलेला असतो. तो वाचायचा आणि तेवढा भाग आलेखात परत मिळवायचा. फक्त इथे एक गंमत आहे. कॅमेरा १/६० आणि १/८० लिहितो. त्या आकड्यांवरून हिशेब केला तर फरक ०.४१५ स्टॉप येतो. पण हे आकडे वाचायला सोपे म्हणून गोल केलेले असतात. ज्याला कॅमेरा १/६० म्हणतो तो खरा साधारण १/६४ असतो, आणि खरा फरक ०.३३ च असतो. लिहिलेल्या आकड्यावर विसंबलात तर जुनी पायरी जाऊन तिच्या जागी ०.०८ स्टॉपची नवी पायरी येईल, आणि ६ टक्क्यांची उडी डोळ्याला टोचते. म्हणून सरळ एक तृतीयांश धरा.

पायरी आलेखात मिळवून सलग झालेली रेघ गुळगुळीत केली. मग तीच पायरी फिल्ममध्ये उताराच्या रूपाने परत दिली. बदलाच्या आधीच्या १२५ फोटोंत उजेड हळूहळू एक षष्ठांश स्टॉपने उतरवत न्यायचा. बदलानंतरच्या पहिल्या फोटोला एक षष्ठांश वर उचलायचं आणि पुढच्या १२५ फोटोंत ती मदत हळूहळू शून्यावर आणायची. एका झटक्यात होणारा बदल १० सेकंदांत पसरला, कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ढग. ऑगस्टचं आकाश होतं. ढगाची सावली आली की आलेख चार-पाच फोटोंत खाली जातो, तीस-चाळीस फोटो खाली राहतो आणि मग तसाच वर येतो. फिल्ममध्ये हे सगळं दीड-दोन सेकंदांत होतं, म्हणून बघणाऱ्याला तेही फ्लिकरच वाटतं. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, तेही सरळ करून टाक, फिल्म छान दिसेल. मी म्हणतो नको! ढग खरंच आला होता. ऊन गेल्यावर पाणी सुकायला जास्त वेळ लागतो, म्हणजे सरांच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. तिथे उजेड सरळ केला तर चकाकी का टिकली याचं कारणच फिल्ममधून गायब.

म्हणून वरच्या प्रोग्रॅममध्ये `w = 4` आहे. म्हणजे मधला एक आणि दोन्ही बाजूंचे चार-चार, अशा ९ फोटोंवर रेघ गुळगुळीत होते. हाच आकडा १२ करून बघितला, म्हणजे २५ फोटो, फिल्ममधला पूर्ण एक सेकंद. करवतीचे दात आणखी छान गेले. पण ढगाच्या कडेशी वेगळाच घोटाळा झाला. सावली भिंतीवर यायच्या आधीच चित्र काळवंडायला लागलं, कारण गुळगुळीत रेघेला पुढे येणारा ढग आधीच “दिसतो”. खिडकी फार मोठी ठेवल्याची ही पक्की खूण. उलट खिडकी फार लहान ठेवली तर फडफड जाते, पण चित्र हळूहळू श्वास घेतल्यासारखं वरखाली होत राहतं. ९ फोटोंवर थोडा श्वास उरतो, हे मी नाकारत नाही. सोन्याच्या तराजूतला आकडा नाहीये हा. ढगाची कड किती फोटोंत येते ते आलेखात बघायचं, आणि खिडकीची एक बाजू तेवढीच किंवा त्याहून लहान ठेवायची.

आता दुरुस्ती लावायची कशावर? इथे जेपेग अजिबात नको. जेपेगमध्ये ओल्या काँक्रीटची चकाकी, पांढरी हेल्मेटं, ढगांच्या कडा बऱ्याच ठिकाणी २५५ ला जाऊन थडकलेल्या असतात. त्यांचा खरा आकडा कॅमेऱ्याने फेकून दिलेला असतो. अशा फोटोचा उजेड ७ टक्के कमी केला की २५५ चे २४७ होतात. पांढऱ्याचं राखाडी! पुढच्या फोटोला दुरुस्ती नसेल तर तिथे परत २५५. म्हणजे भिंत शांत झाली आणि चकाकी फडफडायला लागली, तीही नेमकी सरांना हव्या असलेल्या जागी. फ्लिकर घालवला अशी फुशारकी मारणाऱ्या फिल्म्समध्ये सर्वात उजळ जागा बघत जा, खरंखोटं तिथे कळतं. रॉ फाइलमध्ये वरच्या बाजूला अजून जागा शिल्लक असते आणि आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात असतात, त्यामुळे −०.०६ म्हणजे खरोखरच −०.०६. अर्थात रॉमध्येही जे पूर्ण जळलं ते जळलंच. सूर्याचं प्रतिबिंब डबक्यात पडलेलं आहे, तिथे कोणाचंच काही चालत नाही.

आम्ही रॉथेरपी नावाचा फुकट प्रोग्रॅम वापरला. त्याच्या प्रत्येक फोटोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये `Compensation=` अशी ओळ असते. पायथनने तिथे प्रत्येक फोटोचा आकडा लिहिला आणि रात्रभर मशीन चालू ठेवलं. ऑटो एक्स्पोजर बंद आहे ना, एवढं तपासा. नाहीतर आपण एक दुरुस्ती देतो आणि प्रोग्रॅम स्वतःच्या मनाने दुसरी. बाहेर आलेल्या फोटोंवर परत तोच चौकोन मोजला. पहिली मोजणी जेपेगवर होती आणि कॅमेरा जेपेग करताना कॉन्ट्रास्ट वाढवतो, त्यामुळे पहिली दुरुस्ती जराशी जास्त झाली होती. उरलेल्या फरकाची दुसरी फेरी दिली. सुरुवातीला उड्या ०.१ स्टॉपपर्यंत होत्या, दुसऱ्या फेरीनंतर ०.०२ च्या आत आल्या. तिसरी फेरी करून बघण्यासारखं काही उरलं नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात. फोटो ६००० बाय ४००० चा, फोर-के फिल्म ३८४० बाय २१६० ची. रॉ उघडतानाच फोटो ३८४० बाय २५६० करायचा, मग उंचीतल्या ४०० ओळी कापायच्या. लहान करताना शेजारचे ठिपके एकत्र होतात आणि फोटोतली बारीक रवाळ कमी होते, हा फुकटचा फायदा. कुठल्या ओळी कापायच्या ते एकदाच ठरवून सगळ्या फोटोंना तेच. फाइल १६ बिट टिफ, एक सुमारे ५९ एमबीची. ३६०० ची बेरीज २१२ जीबी. एवढी जागा हॉस्टेलमध्ये कोणाकडे आहे? म्हणून ६००-६०० चे सहा गट केले. एक गट ३५ जीबीचा, त्याची २४ सेकंदांची फिल्म झाली की टिफ उडवायच्या आणि पुढचा गट घ्यायचा. नंतर सहा तुकडे `concat` ने पुन्हा एन्कोड न करता जोडले.

```
ffmpeg -framerate 25 -start_number 1 -i tiff/%05d.tif \
 -vf "scale=out_color_matrix=bt709:out_range=tv,crop=3840:2160:0:200,format=yuv420p10le" \
 -c:v libx265 -preset slow -crf 16 -tag:v hvc1 \
 -color_primaries bt709 -color_trc bt709 -colorspace bt709 part1.mp4
```

यातलं `bt709` विसरू नका. फोटोच्या रंगांचं व्हिडिओच्या रंगांत रूपांतर होताना जुनं कोष्टक वापरलं गेलं आणि प्लेअरने नवं धरलं, तर पिवळी भिंत आणि हिरवी जाळी किंचित वेगळ्याच रंगाची दिसतात, आणि मग लोक उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवतात. शेवटचं `10le` म्हणजे १० बिट. ढगाळ आकाशात रंग फार हळू बदलतो, ८ बिटांत तिथे नकाशातल्या उंचीच्या रेघांसारखे पट्टे दिसू शकतात. लॅबमधली जुनी मशीन्स ही फाइल अडखळत चालवतात, म्हणून लेक्चरसाठी त्यातूनच १९२० बाय १०८० ची साधी एच-२६४ कॉपी काढून दिली आहे.

दादाचं उत्तर असं आहे की एवढे उपद्व्याप गॅदरिंगच्या पडद्यावर कोणाला दिसणार? त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. गॅदरिंगला गाणं लावून २ मिनिटांची फिल्म दाखवायची असेल तर त्याची एक ओळ पुरते. मी म्हणतो ती कॉपी त्याने जरूर दाखवावी. पण क्लबच्या डिस्कवर जपायची आणि सरांना द्यायची ती दुसरी, ज्यात ढग ढगासारखा येतो. आणि रॉ फाइल्सचे ९० जीबी कोणीही गेम टाकायला उडवू नयेत, ही सगळ्यांना हात जोडून विनंती.

पुढच्या मजल्याच्या स्लॅबला निम्मं काम आधीच वाचवता येईल. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, मग पाकळ्या हलणारच नाहीत. गच्चीपासून स्लॅब पुरेसा लांब आहे, त्यामुळे फोकसची फार अडचण येऊ नये. उजेड जास्त होईल, त्यासाठी आणखी काळी काच लावायची. दुसरा एक उपाय क्लबमध्ये सुचवला गेलाय. क्लबची कॅननची लेन्स एफ ८ वर नेऊन, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि लेन्स किंचित फिरवून तिचे विजेचे संपर्क तोडायचे, म्हणजे पाकळ्या तिथेच अडकून राहतात. उपाय काम करतो. पण अर्धवट सुटलेली लेन्स, तीही गच्चीच्या कठड्यावर, आणि खाली चाळीस माणसं काम करताहेत... मी त्याच्या विरुद्ध मत दिलंय. वॉचमन काकांनी तर ट्रायपॉडचे पाय विटांनी बांधल्याशिवाय गच्चीची किल्लीच देणार नाही असं सांगितलंय.